शिळेवर ‘शके १८०१’ आहे, मग मंदिराला दीडशे वर्षं कधी? सन, शके आणि संवत यांचा हिशोब

आपल्या भागातल्या बऱ्याच गावांत जुन्या मंदिराच्या चौकटीवर, बारवेच्या कमानीवर नाहीतर एखाद्या पडक्या वाड्याच्या तुळईवर शके कोरलेलं असतं. एरवी तिकडे कुणी बघत नाही. शताब्दी किंवा दीडशेवं वर्ष साजरं करायचं ठरलं की मग सगळे त्या दगडावर पाणी मारून, खडू घासून आकडे वाचायला लागतात. कुणीतरी मोबाईल काढतो, शके आकड्यात ७८ मिळवतो आणि सन सांगून मोकळा होतो.

वर्षातले नऊएक महिने हे उत्तर बरोबर येतं. उरलेल्या तीन महिन्यांत ते एका वर्षानं चुकतं. आणि एका वर्षाची चूक म्हणजे पावतीपुस्तकं, मंडप, महाराजांची तारीख, सगळंच आगेमागे होतं. म्हणून हा हिशोब एकदा नीट समजून घेऊ.

एक उदाहरण धरून चालू. गावाचं नाव बाजूला ठेवू. मंदिराच्या जीर्णोद्धाराचा दगड आहे, त्यावर लिहिलंय: शके १८०१, प्रमाथी नाम संवत्सरे, फाल्गुन शुद्ध ५. समितीतल्या तरुण पोरांनी हिशोब केला, १८०१ आणि ७८ म्हणजे १८७९, त्यात १५० मिळवले की २०२९. सेवानिवृत्त गुरुजी म्हणाले, “नाही रे पोरांनो, २०३० येतं.” पोरं म्हणाली, कॅल्क्युलेटर खोटं बोलतो का? कॅल्क्युलेटर खोटं बोलत नाही, पण महिना कोणता ते त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

वर्ष कुठल्या दिवशी बदलतं?

सगळी गोम इथंच आहे. इंग्रजी सन १ जानेवारीला बदलतो. शालिवाहन शके गुढीपाडव्याला बदलतं. आपल्याकडचं, म्हणजे गुजरात-महाराष्ट्राच्या पद्धतीचं विक्रम संवत दिवाळीच्या पाडव्याला बदलतं. शेतकऱ्याला यात नवं काही नाही. बँकेचं साल १ एप्रिलला बदलतं, खानदेशात सालदाराचं साल आखाजीला बदलतं आणि भिंतीवरचं कॅलेंडर जानेवारीत बदलतं, तरी आपण गोंधळत नाही. तसंच हे.

तर सनावरून शके काढायचं असेल तेव्हा आधी बघायचं की तारीख पाडव्याच्या आधीची की नंतरची. पाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंतची असेल तर सनातून ७८ वजा. १ जानेवारीपासून पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंतची असेल तर ७९ वजा. २०२६ चा पाडवा १९ मार्चला. म्हणजे ५ फेब्रुवारी २०२६ ला शके १९४७ आणि ५ मे २०२६ ला शके १९४८. सन एकच, शके दोन. पाडवा दरवर्षी एकाच तारखेला येत नाही, हेही ध्यानात ठेवा. २०२४ ला तो ९ एप्रिलला होता, २०२५ ला ३० मार्चला. त्यामुळे मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतची तारीख असेल तर त्या वर्षाचा पाडवा बघितल्याशिवाय वजाबाकी करू नका.

उलट करायचं, म्हणजे शकेवरून सन काढायचा, तर तारीख हातात नसते, मराठी महिना असतो. चैत्र ते कार्तिक असेल तर ७८ मिळवा. माघ किंवा फाल्गुन असेल तर ७९ मिळवा. आपल्या दगडावर फाल्गुन आहे, म्हणून १८०१ आणि ७९, सन १८८०. गुरुजी बरोबर होते. शके १८०१ सुरू झालं १८७९ च्या पाडव्याला, पण त्याचा शेवटचा महिना फाल्गुन येईपर्यंत इंग्रजी सन बदलून १८८० लागलेला होता.

मधले मार्गशीर्ष आणि पौष राहिले. मार्गशीर्ष बहुतेक डिसेंबरात संपतो, कधी त्याचा वद्य पक्ष जानेवारीत जातो. पौष मात्र खरा फसवा. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली, त्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ होतं. इथं ७९ मिळवावे लागतात. पण शके १९४७ ची पौष शुद्ध अष्टमी डिसेंबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यातच येऊन गेली, तिथं ७८ च. तिथी तीच आणि आकडा वेगळा. म्हणून दगडावर पौष दिसला की अंदाजानं सन लिहू नका, जुनं पंचांग किंवा जंत्री बघा.

आणि महिनाच कोरलेला नसेल, नुसतं शके १८०१ असेल तर? तर प्रामाणिकपणे ‘सन १८७९-८०’ असं जोडून लिहायचं. एकच सन लिहिला की पुढचा माणूस त्याला पक्का समजतो आणि त्यावर पुढची गणितं बांधतो.

वाचलेला आकडा बरोबर आहे का, हे कसं ओळखायचं

जुने दगड झिजलेले असतात. १ आणि ९ यांत गल्लत होते, त्यावर शेंदूर किंवा ऑइलपेंट मारलेला असला तर विचारूच नका. अशा वेळी संवत्सराचं नाव कामाला येतं. संवत्सरं साठ आहेत, प्रभव पहिलं, क्षय शेवटचं, आणि मग पुन्हा प्रभव. पंचांगाच्या सुरुवातीच्या पानांत ही साठ नावं क्रमानं छापलेली असतात.

पडताळा असा. शकेमध्ये १२ मिळवायचे आणि ६० नं भागून बाकी बघायची. बाकी जितकी, तितक्या नंबरचं संवत्सर. बाकी शून्य आली तर साठावं. मोबाईलचा कॅल्क्युलेटर बाकी दाखवत नाही, दशांशात उत्तर देतो, म्हणून साठच्या पटीतला जवळचा आकडा वजा करायचा.

१८०१ + १२ = १८१३
१८१३ − १८०० = १३

तेरावं संवत्सर म्हणजे प्रमाथी. दगडावरही प्रमाथीच आहे, म्हणजे १८०१ हे वाचन पक्कं. हाच आकडा कुणी १८०९ वाचला असता तर बाकी २१ आली असती, म्हणजे सर्वजित. नाव जुळलं नसतं आणि लगेच कळलं असतं की डोळा चुकलाय. अलीकडचं बघायचं तर शके १९४७ ला बाकी ३९, विश्वावसु. १९४८ ला बाकी ४०, पराभव. पंचांगावर हीच नावं छापलेली आहेत.

याला दोन मर्यादा आहेत. एक, ही पद्धत नर्मदेच्या दक्षिणेकडची. उत्तरेकडे संवत्सराची नावं वेगळ्या गणितानं येतात, तिकडच्या कागदाला हा पडताळा लावायचा नाही. दुसरी, यादवांच्या काळातल्या किंवा त्याआधीच्या शिलालेखांत कधी नाव एकानं पुढेमागे येतं. आपण शके म्हणून जो आकडा लिहितो तो ‘गत’ म्हणजे सरलेल्या वर्षांचा असतो. काही जुन्या लेखांत चालू वर्षाचा आकडा दिलेला असतो, म्हणजे आपल्यापेक्षा एक जास्त. तेव्हा नाव एकानंच चुकत असेल तर कोरणाऱ्याला दोष देण्याआधी हे कारण तपासा. गावातले दीडदोनशे वर्षांचे दगड असतील तर सहसा हा प्रश्न येत नाही.

संवत: व्यापाऱ्याच्या वहीचं साल

आपल्याकडे शके दगडावर सापडतं, तर संवत सापडतं वहीत. गुजराती आणि मारवाडी व्यापाऱ्यांच्या जुन्या लाल वह्या, गहाणखतं, देण्याघेण्याच्या चिठ्ठ्या यांत ‘संवत १९८२’ असं लिहिलेलं असतं. इथं ५६ आणि ५७ चा खेळ आहे. दिवाळी पाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत सनात ५७ मिळवले की संवत येतं. १ जानेवारीपासून दिवाळीपर्यंत ५६ मिळवायचे. ५ मे २०२६ ला संवत २०८२ आणि ५ डिसेंबर २०२६ ला २०८३.

पण हे झालं कार्तिकापासून सुरू होणारं संवत. राजस्थान आणि उत्तरेकडे हेच विक्रम संवत चैत्रात बदलतं. त्यामुळे चैत्र ते आश्विन हे सात महिने दोन्हीकडे एका वर्षाचा फरक पडतो. संवत १९८२ ची आखाजी चैत्री पद्धतीनं १९२५ ची होते आणि कार्तिकी पद्धतीनं १९२६ ची. कार्तिक ते फाल्गुन या महिन्यांत मात्र दोन्हीकडे आकडा एकच असतो, तिथं भांडणच नाही.

मग वही कोणत्या पद्धतीची हे कसं ओळखायचं? घराणं मारवाडी आहे म्हणून चैत्री असेल, असं धरू नका. इकडे स्थायिक झालेल्या कितीतरी मारवाडी पेढ्या दिवाळीलाच वही बदलत आल्या आहेत. वहीलाच विचारायचं. आश्विन अमावास्येच्या नोंदीनंतर कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आकडा बदलला असेल तर कार्तिकी. फाल्गुनानंतर चैत्रात बदलला असेल तर चैत्री. एकच सुटा कागद हातात असेल आणि तो वैशाखाचा असेल, तर त्यावर वार लिहिलाय का बघा. दोन्ही वर्षांचं जुनं पंचांग काढून त्या तिथीला कुठल्या वर्षी तो वार होता हे पाहिलं की बहुतेक वेळा निकाल लागतो.

या एका वर्षाच्या फरकाचं मोठं उदाहरण म्हणजे छप्पनिया काळ. राजस्थान-गुजरातेत १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ याच नावानं ओळखला जातो, कारण ते संवत १९५६ होतं. पाऊस फसला तो १८९९ च्या पावसाळ्यात. चैत्री संवतानं तो पावसाळा १९५६ चाच, १९५६ वजा ५७ म्हणजे १८९९. कार्तिकी संवतानं बघाल तर त्या पावसाळ्यात अजून १९५५ चालू होतं, आणि १९५६ लागलं ते दिवाळीला, म्हणजे पोटाला चिमटे बसायला लागले तेव्हा. दोन्हीकडची माणसं ‘छप्पन’ म्हणतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

आता गंमत बघा. जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘छप्पनचा काळ’ येतो आणि ‘बहात्तरचा दुष्काळ’ही येतो. नवीन पोरगं सहज म्हणून जातं, १९५६ आणि १९७२, मधे सोळा वर्षं. पण छप्पन हे संवत आहे आणि बहात्तर हा इंग्रजी सन. दोन्ही एका मापावर आणले, १८९९ चा पावसाळा आणि १९७२ चा पावसाळा, तर मधे ७३ वर्षं आहेत. शकेमध्ये मोजा, १८२१ आणि १८९४, तरी ७३ च. अंतर काढताना पहिलं काम हे की दोन्ही टोकं एकाच कालगणनेत आणायची.

अंतर काढताना

दोन घटनांमधलं अंतर म्हणजे नुसती आकड्यांची वजाबाकी नाही, हे सगळ्यात चांगलं कळतं ते शिवछत्रपतींच्या तिथ्यांवरून. महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्ल संवत्सर. महानिर्वाण चैत्र शुद्ध पौर्णिमा, शके १६०२, रौद्र संवत्सर. पडताळा करून बघा, १५५१ ला बाकी ३ येते आणि १६०२ ला ५४. शुक्ल तिसरं, रौद्र चौपन्नावं. जुळतं.

आता १६०२ मधून १५५१ वजा केले तर ५१ येतात. पण महाराजांना एक्कावन्न वर्षांचं आयुष्य लाभलं नाही. जन्म शके १५५१ च्या अगदी शेवटी, फाल्गुनात. मृत्यू शके १६०२ च्या अगदी सुरुवातीला, चैत्रात. एक्कावन्नावं वर्ष पूर्ण व्हायला शके १६०२ ची फाल्गुन वद्य तृतीया उजाडावी लागली असती, आणि ती अकरा महिने पुढे होती. म्हणून एक कमी करायचा. शके १६०१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेला ५० वर्षं पूर्ण झाली. तिथून अमावास्येपर्यंत १२ तिथी आणि चैत्र पौर्णिमेपर्यंत १५, मिळून २७. तिथीनं आयुष्य ५० वर्षं २७ दिवस.

नियम एवढाच. आकड्यांची वजाबाकी करा, मग बघा की दुसऱ्या वर्षात ती तिथी येऊन गेली का. गेली असेल तर उत्तर तसंच ठेवा. गेली नसेल तर एक कमी करा. इंग्रजी तारखेलाही हेच लागू आहे, शाळेत पोराचं वय काढताना आपण हेच करतो.

आता हेच इंग्रजी तारखांनी मोजू. १९ फेब्रुवारी १६३० ते ३ एप्रिल १६८०. पन्नास वर्षं, एक महिना, पंधरा दिवस. तिथीनं २७ दिवस आणि तारखेनं दीड महिना, असं का? चूक कुठंच नाही. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असतं. ती तूट साचत जाते आणि साधारण तीन वर्षांनी अधिक महिना टाकून भरून काढतात. १९ वर्षांत असे ७ अधिक महिने येतात. त्यामुळे तीच तिथी इंग्रजी तारखेत महिनाभराच्या पट्ट्यात मागंपुढं सरकत राहते. १६३० ला फाल्गुन वद्य तृतीया १९ फेब्रुवारीला आली, १६८० ला ती ७ मार्चच्या सुमाराला आली. तेवढाच फरक उत्तरात दिसतो. म्हणून अंतर सांगताना तिथीनं सांगतोय की तारखेनं, हे बोलून टाकावं. एक टोक तिथीचं आणि दुसरं तारखेचं घेतलं की घोळ झालाच.

याच तारखांबाबत आणखी एक. मोबाईलवरच्या एखाद्या कन्व्हर्टरमध्ये शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया टाकली तर तो १ मार्च १६३० दाखवू शकतो. घाबरू नका. इंग्रज त्या काळी जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरत. त्यांनी नवं, म्हणजे आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं ते १७५२ मध्ये. शिवकाळात दोन्हींत १० दिवसांचं अंतर होतं. १९ फेब्रुवारी जुन्या पद्धतीनं आणि १ मार्च नव्या पद्धतीनं, दिवस एकच. फक्त जन्माची तारीख एका पद्धतीची आणि मृत्यूची दुसऱ्या पद्धतीची असं करू नका.

‘१५० वं वर्ष’ आणि ‘१५० वर्षं पूर्ण’

गावातली अर्धी भांडणं इथं असतात. म्हातारा म्हणतो मला एकाहत्तरावं लागलं, मुलगा म्हणतो बाबा सत्तरचे आहेत. दोघंही खरंच बोलतात. सत्तर पूर्ण झाली त्याच दिवशी एकाहत्तरावं लागलं.

रायगडावर २ जून २०२३ ला, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, ३५० वा राज्याभिषेक सोहळा झाला. राज्याभिषेक झाला शके १५९६ ला आणि २०२३ ला शके होतं १९४५. वजाबाकी ३४९. म्हणजे त्या दिवशी ३४९ वर्षं पूर्ण होऊन ३५० वं लागलं होतं. पहिला सोहळा खुद्द १५९६ चा धरला की १९४५ चा ३५० वा येतो. ३५० वर्षं पूर्ण झाली ती जून २०२४ ला. सरकारचं काही चुकलं नव्हतं, मोजायची रीत ती होती.

आता आपल्या मंदिराकडे. फाल्गुन शुद्ध पंचमी, शके १८०१. त्यात १५० मिळवा, शके १९५१. फाल्गुन आहे म्हणून ७९ मिळवा, सन २०३०. त्या वर्षी ही पंचमी मार्चमध्ये येते. दीडशे वर्षं पूर्ण होतात ती तेव्हा. पण दीडशेवं वर्ष लागतं ते एक फाल्गुन आधी, शके १९५० च्या फाल्गुन शुद्ध पंचमीला, म्हणजे फेब्रुवारी २०२९ ला. त्या गावानं असं करायला हरकत नाही की २०२९ च्या पंचमीला वर्षाचा शुभारंभ आणि २०३० च्या पंचमीला सांगता. गुरुजींचं आणि पोरांचं दोघांचंही राहतं. मात्र पावतीपुस्तकावर २०२९ ला ‘१५० वर्षे पूर्ण’ छापू नये, तिथं ‘१५० वे वर्ष’ असं छापावं.

सरकारी शके वेगळं

एक फसगत कागदोपत्री होते. महाराष्ट्र शासन राजपत्रावर आणि काही सरकारी कागदांवर इंग्रजी तारखेबरोबर शके तारीख असते. ती पंचांगातली तिथी नव्हे. ते भारताचं राष्ट्रीय कॅलेंडर, २२ मार्च १९५७ पासून म्हणजे चैत्र १, शके १८७९ पासून लागू झालेलं. त्याचं वर्ष दरवेळी २२ मार्चला सुरू होतं, लीप वर्षी २१ मार्चला. पाडव्याशी त्याचा संबंध नाही.

त्यामुळे काही दिवस दोन शके एकदम चालू असतात. २५ मार्च २०२५ ला सरकारी तारीख होती चैत्र ४, शके १९४७. पंचांगात त्या दिवशी फाल्गुन वद्य एकादशी, शके १९४६, कारण पाडवा ३० मार्चला होता. पुढच्या वर्षी उलटं झालं. २० मार्च २०२६ ला पंचांगात शके १९४८ लागून एक दिवस झाला होता आणि सरकारी तारीख अजून फाल्गुन २९, शके १९४७ होती. ओळखायची खूण सोपी आहे. शुद्ध, वद्य असं काही नसेल आणि महिन्याची तारीख सरळ ३० किंवा ३१ पर्यंत जात असेल तर ते राष्ट्रीय कॅलेंडर. १९५७ च्या आधीच्या कागदावर ते असूच शकत नाही.

जुन्या दप्तरात शके किंवा संवत हा शब्द नसताना नुसता ‘सन’ आणि पुढे चार अंकी आकडा असेल तर तो फसली किंवा अरबी सुहूर सन असू शकतो. त्यांची गणितं वेगळी आहेत, तिथं ७८ चालत नाहीत. ‘राज्याभिषेक शके’ असं लिहिलेलं असेल तर त्या आकड्यात १५९५ मिळवले की शालिवाहन शके मिळतं. ते वर्ष ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला बदलतं. म्हणून चैत्रापासून ज्येष्ठ शुद्ध द्वादशीपर्यंतची तिथी असेल तर १५९६ मिळवायचे.

दगड वाचायला जाल तेव्हा सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी उन्हं कलल्यावर जा. तिरप्या उन्हात अक्षरांच्या कडेला सावली पडते आणि झिजलेला आकडाही फोटोत उठून येतो. त्या आकड्यांत रंग भरू नका. शके, संवत्सर, महिना, पक्ष, तिथी, वार, जे असेल ते सगळं जसंच्या तसं कागदावर उतरवा, स्वतःचा अंदाज त्यात मिसळू नका. पक्की इंग्रजी तारीख हवी असेल तर जिल्ह्याच्या ग्रंथालयात जुन्या जंत्र्या विचारा. मोडकांची जंत्री इतिहासाची माणसं वर्षानुवर्षं वापरत आली आहेत, आणि शिवकाळासाठी खरे यांची शकावली आहे. त्यात वारासकट तिथी जुळली की मगच सन फलकावर रंगवायला द्या.